विमान सात तास उशिरा सुटलं, तर पैसे कशाचे मागायचे?

*आम्ही वेंगुर्ल्याकडचे. मे महिन्यात मी, बायको, मुलगी आणि सासूबाई मोपाहून दिल्लीला निघालो. तिथून रात्री दहाच्या बसने हरिद्वारला जायचं होतं. विमान दुपारी 2.10 चं, दिल्लीत 4.50 ला पोचणारं. आधी 3.40 सांगितलं, मग 5.30, मग 7 आणि शेवटी 9.25 ला सुटलं. दिल्लीत मध्यरात्र झाली, बस गेली. हॉटेलात रात्र काढून (3,400 रुपये) सकाळी टॅक्सीने (7,000) हरिद्वार गाठलं. बसचे 3,600 बुडाले. मोपाला पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा मिळाला, बाकी खाण्याचे 1,840 आमच्या खिशातून गेले. काउंटरवर कारण विचारलं तर 'ऑपरेशनल' म्हणाले. घरी येऊन तक्रार केली तर 'खराब हवामान' असं उत्तर आलं आणि माणशी 500 रुपयांचं व्हाउचर देऊ केलं. गावातले एक जाणकार म्हणतात, सहा तासांवर उशीर झाला की माणशी दहा हजार मिळतातच. तिकिटं बाजारातल्या एजंटाने काढली होती. व्हाउचर घ्यावं की चाळीस हजारांसाठी भांडावं?*

*— एक वाचक, सिंधुदुर्ग*

व्हाउचर अजून घेतलं नसेल तर घेऊ नका. आणि चाळीस हजारांचा आकडाही डोक्यातून काढून टाका. तुमचा दावा या दोन्हींच्या मधे आहे. तो नीट मांडला तर बऱ्यापैकी भक्कम आहे, चुकीच्या नियमावर उभा केला तर पहिल्याच उत्तरात कोसळेल.

आधी त्या दहा हजारांबद्दल. हा आकडा खोटा नाही, पण तो उशिराचा नाही. देशातल्या विमानप्रवासासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे: सीएआर, विभाग 3, मालिका एम, भाग 4. अर्जात हा क्रमांक असाच लिहायचा. त्यात तीन वेगळे प्रसंग आहेत: पक्कं तिकीट असूनही विमानात चढू न देणं, विमान रद्द होणं आणि विमानाला उशीर होणं. ठरावीक रकमेची भरपाई पहिल्या दोन प्रसंगांत आहे. उशिरासाठी तशी रोख रक्कम नियमात ठरवलेलीच नाही. दोन तासांहून लांबचं विमान ऐनवेळी रद्द झालं तर दहा हजारांचा उल्लेख येतो, आणि तिथेही शब्द असे आहेत की दहा हजार किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. तुमच्या तिकिटावर मूळ भाडं आणि इंधन मिळून 4,200 रुपये असते, तर विमान रद्द होऊनही माणशी 4,200 च मिळाले असते. दहा हजार ही कमाल मर्यादा आहे.

तेव्हा एक गोष्ट आजच तपासा. एजंटाने दिलेल्या तिकिटावरचा विमान क्रमांक आणि बोर्डिंग पासवरचा क्रमांक एकच आहे का? कधीकधी मूळ विमान रद्द करून प्रवाशांना दुसऱ्या क्रमांकाच्या विमानात बसवतात आणि काउंटरवर मात्र 'लेट आहे' एवढंच सांगतात. क्रमांक बदलला असेल तर तुमचं प्रकरण उशिराचं राहत नाही, रद्द झालेल्या विमानाचं होतं. तरीही पर्यायी विमान स्वीकारून प्रवास केलेल्यांना ठरावीक भरपाई मागणं अवघड जातं, कारण नियम पर्यायी विमान किंवा परतावा आणि भरपाई अशी निवड देतो. पुढचं सगळं क्रमांक तोच होता असं धरून लिहितो.

उशिराच्या प्रसंगात तुम्हाला नेमकं काय मिळायला हवं होतं, ते तुमच्याच वेळांवर लावून पाहू.

पहिलं खाणंपिणं. हा हक्क कधी सुरू होतो ते विमान किती लांब जाणार यावर ठरतं. ज्या विमानाचा ठरलेला वेळ अडीच तासांपर्यंत आहे, त्याला दोन तासांच्या उशिरावर जेवण-नाश्ता द्यायचा. अडीच ते पाच तासांचं असेल तर तीन तासांवर, त्याहून लांबचं असेल तर चार तासांवर. हा वेळ जागेवरून निघाल्यापासून जागेवर उभं राहीपर्यंतचा धरतात. तिकिटावरची पोचण्याची वेळ वजा सुटण्याची वेळ केली की तो मिळतो. तुमचा 2.10 ते 4.50, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं, म्हणून तुमची मर्यादा तीन तासांची. दहा मिनिटांनी ती बदलली. मोपा–मुंबईच्या प्रवाशाला दोन तासांवरच खाणं मागता आलं असतं.

आता वेळा पाहा. 3.40 सांगितलं तेव्हा उशीर दीड तासाचा होता, हक्क सुरू झाला नव्हता. 5.30 सांगितलं तेव्हा तो तीन तास वीस मिनिटांचा झाला. नियमातला शब्द 'कंपनीला उशीर अपेक्षित असेल' असा आहे. म्हणजे प्रत्यक्षात तीन तास सरायची वाट पाहायची नसते. 5.30 ची घोषणा ज्या मिनिटाला झाली, त्या मिनिटाला जेवण द्यायची जबाबदारी सुरू झाली. तो मेसेज किती वाजता आला, हे म्हणून महत्त्वाचं. त्यानंतर चार तास तुम्ही तिथेच होतात आणि बिस्किटाच्या पुड्याला कोणी जेवण म्हणणार नाही. तुमच्या दाव्यातला हा सर्वात मजबूत भाग, रक्कम लहान असली तरी.

दुसरा हक्क तुम्हाला कोणी सांगितलाच नाही, आणि मला तो खाण्यापेक्षा मोठा वाटतो. देशांतर्गत विमान सहा तासांहून जास्त लांबणार असं दिसलं की कंपनीने प्रवाशासमोर पर्याय ठेवायचा असतो: सहा तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत. एकाच वेळी सात तासांचा उशीर जाहीर न होता तो तुकड्यातुकड्याने वाढत जातो, तेव्हा हा पर्याय हमखास विसरला जातो. पण मोजणी मूळ 2.10 पासूनच करायची, आदल्या सुधारित वेळेपासून नाही. त्यामुळे 9.25 जाहीर झालं त्या क्षणी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही प्रवास केलात, म्हणून भाडं आता परत मागता येणार नाही. मात्र पर्याय न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती अर्जात स्वतंत्र मुद्दा म्हणून यायला हवी.

ज्यांच्यावर अशी वेळ पुढे येईल त्यांच्यासाठी इथेच एक सूचना. परतावा घ्यायचा ठरवलात तर नुसते उठून घरी जाऊ नका. बांदा किंवा सावंतवाडी मोपाहून जवळ आहे, म्हणून लोक वैतागून गाडी काढतात आणि मग कंपनीच्या नोंदीत ते 'नो-शो', म्हणजे न आलेले प्रवासी, ठरतात. नो-शो झालं की भाडं जातं, हातात कर तेवढे येतात, आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर तोही आपोआप रद्द होऊ शकतो. काउंटरवर सांगा की सहा तासांच्या नियमाखाली परतावा निवडतो आहोत, चेक-इन केलेलं सामान उतरवून घ्या, आणि निघण्याआधी तिथूनच कंपनीला त्याच मजकुराचा ईमेल पाठवा. परतावा क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवून घ्यायचा, की रोख, हे प्रवाशाने ठरवायचं असतं, कंपनीने नाही. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर परतावा सात दिवसांत यायला हवा. एजंटामार्फत तिकीट असेल तरी परतावा पूर्ण करून देण्याची जबाबदारी विमान कंपनीवरच राहते.

तिसरा हक्क मुक्कामाचा. चोवीस तासांहून जास्त उशीर, किंवा रात्री 8 ते पहाटे 3 या वेळेत सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल आणि तिथवर जाण्यायेण्याची सोय कंपनीने करायची असते. तुमचं विमान दुपारचं होतं, म्हणून हा नियम लागू होत नाही. दिल्लीच्या हॉटेलचे 3,400 या नियमाखाली मागू नका, ते नुकसानीत मागायचे.

आणि मग सगळ्यात वादाचा मुद्दा: कारण. कंपनीचं उत्तर 'खराब हवामान' असं आलं, ते उगाच नाही. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, पूर, दंगल, संप अशी कारणं कंपनीच्या हाताबाहेरची मानली जातात आणि त्यांत भरपाईची जबाबदारी सुटते. पण त्यापुढे एक अट आहे: सगळे वाजवी उपाय करूनही जे टळलं नसतं, असंच कारण असावं लागतं. 'ऑपरेशनल' हा शब्द या यादीत नाही. त्याच्या पोटात सहसा तीन गोष्टी असतात: तेच विमान आधीच्या फेरीवरून उशिरा आलेलं असतं, चालक दलाचे कामाचे तास भरलेले असतात, नाहीतर तांत्रिक बिघाड असतो. विमानं आणि माणसं कशी फिरवायची हे कंपनी ठरवते, म्हणून ही कारणं हाताबाहेरची आहेत असं सिद्ध करणं तिला जड जातं. तुमच्याकडे एकाच उशिराची दोन कारणं आहेत, एक काउंटरचं आणि एक ईमेलचं. ही विसंगती अर्जात ठळक मांडा.

कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारा. हवामान कुठलं खराब होतं, मोपाचं, दिल्लीचं की आधीच्या एखाद्या शहराचं? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? आणि आमच्या फेरीला ठरलेलं विमान त्या दिवशी कुठून कुठे गेलं? उत्तराची वाट पाहताना तुम्ही स्वतःही बरंच शोधू शकता. Flightradar24 सारख्या ठिकाणी विमान क्रमांक टाकला की त्या दिवशी कुठलं विमान वापरलं ते VT ने सुरू होणाऱ्या नोंदणी क्रमांकासह दिसतं, आणि त्या नोंदणीवर टिचकी मारली की त्याच्या दिवसभरातल्या फेऱ्या दिसतात. फुकट बघणाऱ्यांना हा इतिहास थोड्याच दिवसांपुरता मिळतो, म्हणून हे काम त्याच आठवड्यात करून पडद्याचे फोटो काढून ठेवायचे. तुमच्या बाबतीत ती मुदत गेली असेल, पण ही माहिती कंपनीकडे असतेच आणि ग्राहक आयोग ती मागवू शकतो.

हवामानाची नोंद मात्र जुनीही मिळते. प्रत्येक मोठ्या विमानतळाचा साधारण दर अर्ध्या तासाचा हवामान अहवाल असतो, त्याला METAR म्हणतात, आणि ogimet.com वर मागच्या तारखांचे अहवाल निघतात. दिल्लीचा संकेत VIDP. अहवाल असा दिसतो (हा फक्त नमुना):

```
VIDP 180830Z 28012KT 4000 HZ FEW040 41/14 Q1001 NOSIG
```

पहिले दोन आकडे तारीख, पुढचे चार जागतिक वेळ. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते, म्हणजे इथे 18 तारखेची दुपारी दोनची. 4000 म्हणजे चार हजार मीटर दृश्यमानता, HZ म्हणजे धुरकट हवा, 41 हे तापमान. गडगडाटी पाऊस असता तर TSRA, दाट धुकं असतं तर FG, धुळीचं वादळ असतं तर DS असं दिसलं असतं. मे महिन्यात दिल्लीत दुपारनंतर वादळं होतात, तेव्हा असं काही सापडलं तर दचकू नका. वादळ एक तास होतं आणि उशीर सात तासांचा झाला, तर उरलेल्या सहा तासांचा हिशेब कंपनीने द्यायचा आहे. त्याच वेळेत त्याच मार्गावर दुसऱ्या कंपन्यांची विमानं गेली असतील तर तेही लिहा. उलट पावसाळ्यात, चिपी किंवा मोपाला खरोखरच ढग खाली उतरून सगळीच विमानं अडली असतील, तर नुकसानभरपाईच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

तरीही हवामान खरं ठरलं म्हणजे सगळंच संपलं असं नाही. इंटरग्लोब एव्हिएशन विरुद्ध एन. सच्चिदानंद या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीतल्या धुक्यामुळे झालेला उशीर होता. न्यायालयाने उशिराबद्दल भरपाई नाकारली. पण उशीर हवामानामुळे झाला तरी अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय करण्याची जबाबदारी कंपनीवरून जात नाही, हेही स्पष्ट केलं. तुमच्या 1,840 रुपयांसाठी हा निकाल उपयोगी आहे.

आता हिशेब. बहुतेक लोक इथे एक चूक करतात आणि पूर्ण दावाच संशयास्पद करून घेतात. बसचे 3,600 आणि टॅक्सीचे 7,000 दोन्ही मागू नका. विमान वेळेवर असतं तरी बसचे 3,600 खर्च होणारच होते. उशिरामुळे वाढलेला खर्च टॅक्सीचा, म्हणजे 7,000. बसवाल्याने काही परत केलं असेल तर तेवढं त्यातून वजा करा. मग खाण्याचे 1,840, हॉटेलचे 3,400 आणि टॅक्सीचे 7,000 मिळून 12,240 रुपये हे तुमचं पावतीवर दाखवता येणारं नुकसान. मनस्तापाची रक्कम वेगळी लिहायची आणि ती आयोगाच्या विवेकावर सोडायची. नियमात तिचा दर नाही, म्हणून ती या बेरजेत मिसळू नका.

या 12,240 पैकी सगळं मिळेलच असं नाही. कंपनी म्हणेल की बस वेगळ्या तिकिटावर होती आणि पुढच्या प्रवासाची जबाबदारी आमच्या अटींत नाही. तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. पोचण्याची वेळ 4.50 आणि बस 10 ची, म्हणजे पाच तास दहा मिनिटांचं अंतर तुम्ही ठेवलं होतं. कोणीही समंजस माणूस याला पुरेसं म्हणेल. तासाभराचं अंतर असतं तर मीच तुम्हाला हा भाग सोडून द्यायला सांगितलं असतं. दुसरी गोष्ट तुम्हाला दाखवावी लागेल: टॅक्सी हाच रास्त पर्याय होता. सासूबाईंचं वय, सकाळच्या बसमध्ये चार जागा नसणं, हरिद्वारचं आधीचं आरक्षण, जे खरं असेल ते लिहा आणि त्याचा कागद जोडा.

कागदांबद्दल बोलायचं तर सगळ्यात आधी बोर्डिंग पास शोधा, चारही. छापील पास आणि हॉटेलाची बिलं बहुतेक वेळा थर्मल कागदावर असतात आणि कोकणातल्या दमट हवेत दोन-चार महिन्यांत त्यांवरची अक्षरं उडतात. आजच फोटो आणि झेरॉक्स काढा. मोबाईलमधला पास प्रवासानंतर ॲपमधून निघून जातो, म्हणून पुढच्या वेळी त्याचं चित्र आधीच साठवून ठेवा. सामानाच्या चिठ्ठ्याही टाकू नका. बोर्डिंग पासमुळे तुम्ही प्रवास केला हे दिसतं, आणि सामानाच्या नोंदीमुळे तुम्ही वेळेत चेक-इन केलं होतं हे दाखवायला मदत होते. खाण्याचा हक्क वेळेत चेक-इन केलेल्यांनाच असतो.

त्यानंतर उशिराचे मेसेज, आणि इथे तुमचा एजंट येतो. आपल्याकडे बाजारातले एजंट तिकीट काढताना पुष्कळदा स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतात. मग वेळ बदलल्याचे सगळे मेसेज त्याच्या फोनवर जातात. तुमचे चारही मेसेज त्याच्याकडे असतील तर आलेल्या वेळेसकट त्यांचे फोटो मागून घ्या, त्याने ते पुसून टाकण्याआधी. विमान रद्द होतं तेव्हा ही सवय जास्तच महागात पडते, कारण प्रवाशाचा संपर्क क्रमांक कंपनीकडे नसेल तर भरपाई देण्याची जबाबदारी तिच्यावर राहत नाही. पुढच्या वेळी एजंटासमोर बसूनच आपला नंबर आणि ईमेल टाकून घ्या. याच फेरीत त्याच्याकडून मूळ ई-तिकीट, भाड्याची फोड दाखवणारं बिल आणि तुम्ही दिलेल्या पैशांची पावती किंवा यूपीआय नोंद घ्या. रोख दिले असतील तर सही-शिक्क्याची पावती.

खर्चाची बिलं मूळ हवीत. टॅक्सीवाल्याने बिल दिलं नसेल तर यूपीआयची नोंद, गाडीचा क्रमांक आणि त्याच्याशी झालेले मेसेज जोडा. आणि कंपनीकडे उशिराचं प्रमाणपत्र मागा, ज्यात मूळ वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण लिहिलेलं असतं. काही कंपन्या ते आपल्या संकेतस्थळावर पीएनआर टाकल्यावर देतात, बाकीच्यांना ईमेल करावा लागतो. प्रवासविमा काढला असेल तर विमा कंपनीही बहुतेक हाच कागद मागते, आणि तिथे दावा करायची मुदत फार थोडी असू शकते. पॉलिसी उघडून पाहा.

आता अर्ज. फोनवरची तक्रार नोंद म्हणून पुरत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर किंवा संकेतस्थळाच्या फॉर्ममध्ये लिहा. फॉर्म भरलात तर 'पाठवा' दाबण्याआधी पडद्याचा फोटो घ्या, कारण नंतर तुम्ही काय लिहिलं होतं ते दिसतच नाही. एका पीएनआरसाठी एकच अर्ज करा, चौघांची नावं त्यातच लिहा आणि बाकी तिघांचं सहीचं संमतिपत्र जोडा. चौघांनी वेगवेगळं लिहिलं की चार वेगळी उत्तरं येतात. मजकूर साधारण असा:

"पीएनआर अमुक, विमान क्रमांक अमुक, तारीख अमुक, मोपा ते दिल्ली, प्रवासी चार. ठरलेली वेळ 14.10, प्रत्यक्ष वेळ 21.25, उशीर 7 तास 15 मिनिटं. आम्ही वेळेत चेक-इन केलं होतं. सीएआर विभाग 3, मालिका एम, भाग 4 प्रमाणे तीन तासांनंतर जेवण मिळालं नाही आणि सहा तासांहून जास्त उशीर होणार हे कळल्यावर परतावा किंवा पर्यायी विमान यांचा पर्याय दिला गेला नाही. विमानतळावर कारण 'ऑपरेशनल' सांगितलं, तुमच्या अमुक तारखेच्या ईमेलमध्ये 'हवामान' लिहिलं आहे. कुठल्या ठिकाणचं, किती वाजताचं हवामान, आणि आमच्या फेरीचं विमान त्या दिवशी कुठे होतं, ते कळवावं. उशिरामुळे झालेला जादा खर्च 12,240 रुपये, बिलं सोबत. ही रक्कम माझ्या बँक खात्यात 30 दिवसांत जमा करावी. देऊ केलेलं व्हाउचर मी स्वीकारलेलं नाही."

शेवटचं वाक्य वगळू नका. व्हाउचर वापरलं किंवा 'मान्य आहे' दाबलं की पूर्ण आणि अंतिम तडजोड झाली असं कंपनी म्हणू शकते. अर्जात राग, धमक्या, बाकीच्या प्रवाशांच्या हकिकती नकोत. वाचणाऱ्याला तारीख, वेळ, नियम आणि रक्कम एका नजरेत दिसली पाहिजे.

उत्तर आलं नाही किंवा ठरावीक साच्याचं आलं, तर तोच ईमेल पुढे कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवा, आणि तिथेही समाधान झालं नाही तर अपिलीय अधिकाऱ्याकडे. दोघांचे पत्ते कंपनीला संकेतस्थळावर द्यावे लागतात. मुखपृष्ठावर सहज दिसत नाहीत, 'संपर्क' किंवा 'तक्रार निवारण' या पानांच्या तळाशी शोधा. त्याच सुमारास airsewa.gov.in वर किंवा एअरसेवा ॲपवर तक्रार नोंदवा. हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं आहे. त्यातून कंपनीला उत्तर द्यायला लावलं जातं, पण पैसे देण्याचा आदेश निघत नाही. म्हणून तिथे तक्रार 'निकाली' दिसली तरी तुमचा हक्क संपत नाही. तक्रार क्रमांक आणि कंपनीने तिथे दिलेलं उत्तर जपून ठेवा. पुष्कळदा तिथे तिसरंच कारण लिहिलेलं असतं आणि ते तुमच्या उपयोगाचं ठरतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही नोंद करता येते.

याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्हाला दिल्लीला किंवा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी सिंधुदुर्गच. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. e-jagriti.gov.in वर घरबसल्या दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही आणि व्हिडिओवर सुनावणी मागता येते. तक्रारीसोबत शपथपत्र आणि क्रमांक घातलेले कागद लागतात: तिकीट, बोर्डिंग पास, मेसेज, बिलं, आणि तुमचा सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती प्रवासाच्या दिवसापासून मोजली जाते. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ती वाढत नाही.

मोपाहून आखाती देशांत जाणाऱ्यांनी वरचे सगळे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिराच्या नुकसानीसाठी 1999 चा मॉन्ट्रियल करार लागतो, भारतात तो हवाई वाहतूक कायदा 1972 च्या मार्फत लागू आहे. तिथेही ठरावीक रक्कम नाही. सिद्ध केलेलं प्रत्यक्ष नुकसान एका कमाल मर्यादेपर्यंत मिळतं, आणि सगळे वाजवी उपाय केले होते हे कंपनीने दाखवलं तर तेही नाही. दावा दोन वर्षांत न्यायालयात दाखल झाला नाही तर हक्कच संपतो. 250, 400 आणि 600 युरोचे जे आकडे सगळीकडे फिरतात ते युरोपीय संघाच्या नियमातले आहेत: संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या किंवा युरोपीय कंपनीच्या विमानाने तिथे जाणाऱ्या प्रवाशांसाठी, आणि तिथे उशीर पोचण्याच्या वेळेवर, तीन तासांपासून मोजतात. मस्कत किंवा दुबईच्या थेट विमानाशी त्यांचा संबंध नाही. मुंबईला वेगळ्या तिकिटावर विमान बदलणार असाल, तर मोपाच्या विमानाला उशीर झाल्यामुळे पुढचं चुकलं तरी दुसरी कंपनी तुम्हाला नो-शोच धरेल. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यायला एजंटाला सांगा, थोडे जास्त पडले तरी.